छतावरची सौरवीज आणि तंत्रज्ञाचं शिक्षण

शेगावसारख्या गावात छतावर सौर संच बसवण्याच्या कामाला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. खरा पाया आयटीआयमधला वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यावर राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचं 'सूर्यमित्र' हे सुमारे तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेता येतं.

पॅनेल दक्षिणेकडे, साधारण वीस अंशांच्या उतारावर बसवणं महिन्याभरात हाताला येतं. कस लागतो तो मोजमापात. तीन किलोवॅटच्या घरगुती संचात सहा पॅनेल एका ओळीत जोडलेली असतात. प्रत्येकाचा खुला दाब सुमारे ४९ व्होल्ट, म्हणजे मीटरवर २९५च्या आसपास आकडा अपेक्षित. पण हा हिशेब २५ अंश तापमानाचा. विदर्भातल्या मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर तापतं, प्रत्येक अंशामागे दाब सुमारे ०.३ टक्के घटतो आणि मीटर २६० दाखवतो. नवखा इथे बिघाड शोधत बसतो. आकडा २१५वर आला, तर मात्र एखादं पॅनेल ओळीत जोडायचंच राहून गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

दुसरा धडा सुरक्षेचा. पॅनेलची वीज एकदिश असते. चालू भारावर जोडणी उपसली तर पडणारी ठिणगी सहज विझत नाही. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद करायचा, मग एकदिश बाजूचा खटका, आणि शेवटी जोडणीला हात लावायचा. प्रशिक्षण निवडताना हा सराव खऱ्या संचावर करून घेतात का, हे आधी विचारावं.