नाव दिलं, तरी शब्द कुणाचे?

निबंध तपासताना एक पेच नेहमी पडतो. मुलीने पुस्तिकेचं नाव दिलेलं असतं, मग चूक कुठे?

समजा पुस्तिकेत आहे: ‘गरोदरपणात लोहाची गरज वाढते, कारण बाळाची वाढ आणि आईचे वाढलेले रक्त या दोन्हींसाठी लोह लागते.’ मुलगी लिहिते: ‘गर्भारपणात लोहाची आवश्यकता वाढते, कारण बाळाची वाढ व आईचे वाढलेले रक्त या दोहोंकरिता लोह लागते.’ पुढे पुस्तिकेचं नाव. चार शब्द बदलले, वाक्याची वीण तीच राहिली. जुन्या लुगड्यावर ठिगळं लावली, म्हणा ना! नाव दिल्याने माहिती कुठली ते कळतं. पण वाचणाऱ्याला वाटतं, शब्द मुलीचे आहेत. ते नाहीत.

आता हे बघा: ‘पोटातल्या बाळाला लोह द्यायचं असतं, शिवाय आईच्या अंगातलं रक्तही वाढतं. म्हणून गरोदर बाईला एरवीपेक्षा जास्त लोह लागतं, असं पुस्तिका सांगते.’ कारण आधी आलं, मांडणी तिची झाली, अर्थ ढळला नाही. लोह, रक्त हे शब्द तेच राहणार. त्यांना दुसरे शोधू नयेत.

म्हणून मूळ उतारा शेजारी ठेवूनच तपासावं. ठिगळं दिसली की लगेच चोरी म्हणू नये. बरेचदा उतारा नीट कळलेलाच नसतो. पुस्तिका मिटवून ‘तुझ्या बोलीत सांग’ म्हणावं. सांगता आलं, तर तेच लिहून घ्यावं. अडली, तर उतारा पुन्हा समजावावा.