हिस्टोग्रामचं चिन्ह आणि एकदाच वाजणारा अलर्ट



आजचा विषय शेअर बाजारातला असला, तरी कोणता शेअर घ्यावा हे मी सांगणार नाही. त्या अपेक्षेने पुढच्या रांगेत बसलेल्यांची आधीच क्षमा मागतो. आज बोलायचं आहे ते एमएसीडीच्या हिस्टोग्रामवर लावायच्या एका अलर्टबद्दल.

एमएसीडी जेराल्ड अपेल यांनी 1970च्या दशकात मांडला. बंद भावाची 12 दिवसांची एक्स्पोनेन्शियल सरासरी घ्यायची, तिच्यातून 26 दिवसांची वजा करायची. ती झाली एमएसीडी रेषा. तिचीच 9 दिवसांची सरासरी म्हणजे सिग्नल रेषा. या दोन रेषांमधलं अंतर शून्याच्या वरखाली उभ्या पट्ट्यांनी दाखवायचं, ही भर टॉमस अ‍ॅस्प्रे यांनी 1986 मध्ये घातली. तो हिस्टोग्राम.

आपल्याला हवं आहे ते इतकंच: रोजच्या कँडलवर हिस्टोग्राम उणेतून अधिकमध्ये गेला की मोबाइल एकदा वाजावा. बहुतेक जण पहिली अट लिहितात ती ‘हिस्टोग्राम शून्याहून मोठा’ अशी. मग तेजी तीन आठवडे टिकली, तर मोबाइल तीन आठवडे रोज वाजतो आणि चौथ्या दिवसापासून त्याच्याकडे कुणी बघत नाही. खरी अट दोन दिवसांची आहे: काल शून्य किंवा त्याखाली, आज शून्याच्या वर.

एवढ्यानेही भागत नाही, कारण आजची कँडल साडेतीनपर्यंत पूर्ण झालेलीच नसते. एक कल्पित उदाहरण घेऊ. काल एका शेअरची 12 दिवसांची सरासरी 842 रुपये, 26 दिवसांची 850. म्हणजे एमएसीडी उणे 8. सिग्नल उणे 7.60, हिस्टोग्राम उणे 0.40. आज चिन्ह कुठल्या भावाला उलटेल?

हे आधीच काढता येतं, आणि मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मजेशीर वाटते. सिग्नल आजच्या एमएसीडीकडे फक्त एक पंचमांश सरकतो. म्हणून आजचा एमएसीडी कालच्या सिग्नलच्या वर गेला की हिस्टोग्राम अधिक होतोच. गणित मांडलं की उंबरठा येतो 839.59 रुपये. भाव त्याच्यापासून एक रुपया हलला, की हिस्टोग्राम साधारण साडेसहा पैसे हलतो.

सकाळी सव्वादहाला भाव 841 झाला: हिस्टोग्राम अधिक 0.09, मोबाइल वाजला. दुपारी भाव 838: पट्टी पुन्हा शून्याखाली. बाजार 837.40 वर बंद झाला, हिस्टोग्राम उणे 0.14. म्हणजे रोजच्या आलेखावर चिन्ह उलटलंच नाही. संध्याकाळी आलेख बघणाऱ्याला सकाळच्या अलर्टचा मागमूसही सापडत नाही, आणि तो बिचारा अ‍ॅपला दोष देतो. म्हणून अट तपासायची ती कँडल बंद झाल्यावरच:

```
//@version=6
indicator("MACD flip")
[m, s, h] = ta.macd(close, 12, 26, 9)
if h > 0 and h[1] <= 0
    alert("+", alert.freq_once_per_bar_close)
```

शेवटची ओळ महत्त्वाची. अलर्ट एकदा वाजून कायमचा बंद पडावा, असाही पर्याय अनेक अ‍ॅपमध्ये असतो. तो निवडला तर पुढच्या महिन्यातलं उलटणं कळतच नाही. ‘एकदाच’ म्हणजे प्रत्येक उलटण्याला एकदा.

आता दुसरा दिवस. उंबरठा नव्याने काढला तर तो 835.82 वर उतरलेला दिसतो. समजा, शेअर 836.50 वर बंद झाला. कालच्यापेक्षा नव्वद पैशांनी खाली! तरी हिस्टोग्राम अधिक 0.04 आणि अलर्ट वाजतो. यात बिघाड काही नाही. दोन्ही सरासऱ्या अजून घसरत आहेत, एमएसीडीही शून्याच्या बराच खाली आहे. मंदावला आहे तो घसरणीचा वेग. या अलर्टला ‘खरेदीचा इशारा’ म्हणणाऱ्यांनी हे 836.50 जरूर आठवावं.

अर्थात 0.04 ही अगदी कोवळी पट्टी. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा उणे झाली आणि चौथ्या दिवशी अधिक, तर अलर्ट पुन्हा वाजेल, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच असेल. रेंगाळणाऱ्या बाजारात असं वारंवार घडतं. काही जण मग शून्याभोवती पट्टा ठेवतात: अधिक 0.25 ओलांडल्यावर वाजायचं, आणि उणे 0.25 खाली जाऊन आल्याशिवाय पुन्हा वाजायचं नाही. पण तेव्हा कालच्या आकड्याशी तुलना पुरत नाही. शेवटच्या अलर्टनंतर हिस्टोग्राम उणे 0.25 खाली जाऊन आला का, हे प्रोग्रॅमला लक्षात ठेवावं लागतं. शिवाय अलर्ट एक-दोन दिवस उशिरा येतो. शिवाय 200 रुपयांच्या शेअरला 0.25 मोठा आणि 4,000च्या शेअरला नगण्य, म्हणून तो पट्टा रुपयांत न ठेवता भावाच्या टक्केवारीत ठेवलेला बरा.