आरोळी कोणाची? : व्हायरल ध्वनी आणि दैवताचा मान
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील व्याख्यान)



३० सप्टेंबर २०२२ रोजी ‘कांतारा’ हा कन्नड चित्रपट प्रदर्शित झाला आणि थोड्याच दिवसांत त्याची हिंदी आवृत्ती दिल्ली, नोएडा, गुडगावच्या चित्रपटगृहांत पोहोचली. चित्रपटाच्या शेवटी नायकाच्या अंगात दैव संचारते आणि तो एक दीर्घ आरोळी ठोकतो. ही आरोळी चित्रपटगृहाबाहेर पडली. तरुण मुले ती जिन्यात, बसमध्ये, वर्गात ठोकू लागली. तिच्यावर रील्स निघाले. तेव्हा दिग्दर्शक आणि नायक ऋषभ शेट्टी यांनी जाहीर विनंती केली, की ही आरोळी श्रद्धेचा भाग आहे, तिची नक्कल करू नये. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दुसरा चित्रपट आला, तेव्हाही प्रेक्षक दैवाचा वेश करून फिरू लागले आणि निर्मात्यांना तेच आवाहन पुन्हा करावे लागले.

वरवर पाहता यात विसंगती वाटते. ज्यांनी पडद्यावर आरोळी ठोकली, तेच इतरांना ती ठोकू नका म्हणतात. तुळुनाडूतील काही दैवभक्तांनी तर मूळ चित्रपटालाच आक्षेप घेतला आहे. त्या वादाचा निवाडा दिल्लीत बसून करता येणार नाही. परंतु आरोळीत एवढे काय आहे, हे समजून घेता येते.

दक्षिण कन्नड आणि उडुपी हे कर्नाटकातील जिल्हे आणि केरळातील कासरगोड हा तुळू भाषेचा मुलूख. तेथे पंजुर्ली, गुळिग, चामुंडी अशा दैवांची आराधना ‘कोल’ या विधीने होते. दैव अंगावर घेणारा माणूस नलिके, पंबद, परव अशा पिढ्यान्‌पिढ्या वंचित राहिलेल्या समाजांतील असतो. विधीपूर्वी तो व्रतस्थ राहतो. दैवाच्या जन्माची मौखिक गाथा, ‘पाड्दन’, गायली जाते; चेहरा रंगवला जातो, कमरेला कोवळ्या झावळ्या बांधल्या जातात आणि पायांत ‘गग्गर’ नावाचे जड वाळे चढते. त्यानंतर तो माणूस माणूस म्हणून बोलत नाही, दैव बोलते. एरवी ज्याला अंगणाबाहेर उभे केले जाई, त्याच्यासमोर त्या रात्री जमीनदार हात जोडतो, आणि जमिनीच्या तंट्यावरचा त्याचा शब्द गाव मानतो. रीलमध्ये येतो तो केवळ आवाज. व्रत, गाथा, गग्गर आणि त्या माणसाला लाभलेली ती रात्र मागेच राहते. चित्रपट गाजल्यावर कर्नाटक सरकारने साठीपुढील दैवनर्तकांना दरमहा दोन हजार रुपये देण्याची घोषणा केली. आरोळी देशभर घुमत असताना ती जपणाऱ्यांची स्थिती काय होती, हे त्या रकमेवरून कळते.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. सिंधुदुर्गात देवळात ‘अवसर’ येतो, तेव्हा गाव त्याच्यापुढे कौल मागतो. त्याच देवळात मानकरी गाऱ्हाणे घालतो आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. मालवणी नाटकांनी आणि प्रहसनांनी गाऱ्हाण्याच्या ढंगावर भरपूर हसवले आहे आणि देवभोळे मालवणीच त्यावर सर्वांत मोठ्याने हसले आहेत. असे का व्हावे? गाऱ्हाणे हे माणसाचे देवाशी बोलणे आहे. त्यातली हाव, धूर्तपणा, भाबडेपणा माणसाचा असतो आणि त्याच्यावर हसता येते. नामदेव-तुकारामही विठ्ठलाशी भांडले, पण भक्त म्हणून, स्वतःच्या आवाजात. अवसराचे शब्द मात्र देवाचे मानलेले असतात. त्यांची नक्कल करणारा जो आवाज उसना घेतो, तो कोणा माणसाचा नसतोच. मर्यादेची रेषा येथे आहे : देवाशी बोलणाऱ्या माणसावर विनोद होऊ शकतो, देव म्हणून बोलणाऱ्या आवाजाची टवाळी होऊ नये.

ही रेषा जाणत्यांच्याही हातून ओलांडली जाते. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या समारोपात अभिनेता रणवीर सिंग यांनी ऋषभ शेट्टींचे कौतुक करताना त्यांच्या दैवसंचाराच्या प्रसंगाची नक्कल केली आणि दैवाला ‘भूत’ म्हटले. हेतू स्तुतीचा होता. परंतु नक्कल अभिनयाची न राहता दैवाची झाली, आणि एका शब्दाने देवीची चेटकीण केली. टीका झाल्यावर काही दिवसांतच त्यांनी क्षमा मागितली. हेतू चांगला असूनही चूक घडते ती अशी : ध्वनी ठाऊक असतो, त्याचे नाव ठाऊक नसते. समाजमाध्यमांवर तर ध्वनीला नाव देतो तो पहिला अपलोड करणारा. त्याने ‘भुताची किंकाळी’ लिहिले, की पुढच्या हजारोंसाठी ती किंकाळीच ठरते.

आता एक प्रसंग कल्पावा. आठवीच्या मुलांना स्नेहसंमेलनात याच ध्वनीवर विनोदी प्रवेश करायचा आहे. ‘नाही’ म्हणणे सोपे आहे, पण त्यातून मुलांना काहीच कळत नाही. शिक्षकाने ध्वनी पूर्ण ऐकवावा आणि विचारावे, यात कोण बोलते आहे? वाद्ये आहेत, गीत आहे, आरोळी आहे. आरोळी दैवाची, म्हणून ती वगळावी. मग विनोद कशावर? आरोळीच्या वेडावर. रील बरे जमावे म्हणून अकरा वेळा जिना चढणारा दादा, त्याचा फोन धरून कंटाळलेली ताई, ‘दुपारची झोपू द्या रे’ म्हणणारे शेजारचे काका. आरोळी एकदाही न ऐकवता हशा पिकेल. एखादा तुळू भाषक दिल्लीत गाठून त्याला संहिता दाखवावी. त्याच्या चेहऱ्यावर हसू न येता ओशाळेपणा आला, तर तो भाग काढावा.

आणि मुलाने रील आधीच टाकले असेल तर? पालकांची सर्वांत मोठी चूक येथे होते. ‘पाहा, काय चालले आहे!’ असे लिहून ते तीच चित्रफीत चार गटांत पाठवतात. माध्यमाला पाहणे आणि पाठवणे मोजता येते, पाठवणाऱ्याचा संताप मोजता येत नाही. निषेधानेही फीत पुढेच जाते. म्हणून ती पुढे पाठवू नये. मुलाला वर सांगितलेला कोल समजावून द्यावा, फीत त्यानेच काढावी आणि जेथे टाकली होती तेथेच लिहावे : ‘ही दैवाची आरोळी आहे हे ठाऊक नव्हते. फीत काढली आहे. क्षमस्व.’ ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ ही पुस्ती जोडू नये. तिने दोष ऐकणाऱ्याच्या माथी जातो.

पोलिसांत धावण्यापूर्वीही थांबावे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ धार्मिक भावना भडकावण्याच्या हेतुपुरस्सर आणि दुष्ट कृत्यासाठी आहे. तेरा वर्षांच्या मुलाचे अज्ञान म्हणजे दुष्टता नव्हे.

दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या कानांवर बंगालचा ढाक येतो, पंजाबचा ढोल येतो, आता तुळुनाडूची आरोळीही आली. पुढचा ध्वनी कदाचित जेजुरीचा किंवा सावंतवाडीच्या अवसराचा असेल, आणि त्यावर नाचणारी मुले मराठी नसतील. तेव्हा त्यांनी ज्या सभ्यतेने वागावे असे मराठी मुलांना वाटेल, तीच सभ्यता त्यांनी आज तुळू दैवाशी पाळावी.