रीसेटनंतर राउटर काय विसरतो?

मी नांदेडला राहतो. परवा लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, वायफाय लागतंय, पण नेट येईना." मी विचारलं, काही केलं होतं का? नेट हळू चालत होतं, म्हणून भाच्यानं राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात पिन घालून दहा सेकंद दाबली होती.

इथंच घोळ झाला. बटण बंद करून पुन्हा चालू केलं, तर राउटर काही विसरत नाही. छिद्रातलं बटण दाबून धरलं, की तो कारखान्यातून आला तसा कोरा होतो.

मी दिवे पाहायला सांगितले. PON हिरवा आणि स्थिर, LOS बंद. म्हणजे फायबर शाबूत, प्रकाश घरापर्यंत पोचतोय. फक्त इंटरनेटचा दिवा विझलेला. कारण अनेक जोडण्यांत राउटर आधी कंपनीच्या सर्व्हरला लाइनचं युजरनेम आणि पासवर्ड सांगतो, ते पटले तरच राउटरला आयपी पत्ता मिळतो. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. रीसेटमध्ये ही जोडीच पुसली गेली होती.

इथं तीन पासवर्डांची गल्लत होते. एक वायफायचा. दुसरा राउटरच्या पानात शिरण्याचा. हे दोन्ही बहुधा राउटरखालच्या चिकटपट्टीवर छापलेले असतात. तिसरा लाइनचा, तो फक्त कंपनीकडे मिळतो. बहिणीनं नोंदवलेल्या मोबाइलवरून मदत केंद्राला फोन करून तो घेतला. सोबत व्हीलॅनचा आकडाही विचारून घेतला. तो चुकला, तर युजरनेम सर्व्हरपर्यंत पोचतच नाही.

मग तिनं मोबाइल डेटा बंद केला, कारण तो चालू असला तर फोन नेट नसलेलं वायफाय सोडून देतो. चिकटपट्टीवरचा पत्ता, 192.168.1.1, उघडला. WAN मध्ये जाऊन PPPoE निवडलं, व्हीलॅन, युजरनेम, पासवर्ड भरले आणि सेव्ह केलं. तरी आयपी पत्त्याच्या जागी 0.0.0.0 च. मी म्हटलं, युजरनेम एकेक अक्षर वाचून दाखव. पहिलं अक्षर मोबाइलच्या कीबोर्डनं आपणहून मोठं केलं होतं! ते लहान केलं, मिनिटभरात शून्यं जाऊन खरा पत्ता आला आणि दिवा लागला.

सगळीकडे असं करावं लागत नाही. काही कंपन्या रीसेटनंतर ही माहिती स्वतःच दुरून राउटरमध्ये भरतात, काहींच्या जोडणीला युजरनेम लागतच नाही. आपली जोडणी कोणत्या प्रकारची, हे आजच कंपनीला विचारा. युजरनेम लागत असेल तर ते, पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा घरातल्या वहीत लिहून ठेवा. राउटरच्या पानावर पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, तिथून तो वाचता येईलच असं नाही. आणि LOS चा दिवा लाल असेल, तर पिनेला हात लावू नका. तो दोष बहुधा तारेचा असतो, लाइनमनलाच बोलवा.