तीन मिनिटांचा लघुपट, मोबाइलवर

तीन मिनिटे म्हणजे 180 सेकंद. एक शॉट सरासरी सात सेकंदांचा धरला, तर साधारण पंचवीस शॉट लागतात. समजा, विषय आहे स्वयंपाकघरात भाकरी थापणारी आजी आणि तिच्याशी बोलणारी नात. आधी दोघी दिसतील असा दूरचा शॉट, मग प्रत्येकीचा जवळचा आणि शेवटी हात, परात, तवा यांचे तुकडे घ्यावेत. संकलनात संवाद कापावा लागला, तर हेच तुकडे सांधा झाकतात.

आजीला खिडकीकडे पाठ करून बसवले, तर चेहरा काळा पडतो. खिडकी तिच्या बाजूला हवी. चेहऱ्यावर बोट दाबून धरले, की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड स्थिर होतात. नाहीतर ती हलताच चित्र उजळते, मंदावते. दिव्याखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले, तर शटर 1/50 किंवा 1/100 ठेवावे, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे.

खरी फसगत आवाजात होते. दोन मीटरवरच्या फोनला आजीपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. पंखा, फ्रिज बंद करावा. दुसऱ्या फोनवर रेकॉर्डर सुरू करून तो चौकटीबाहेर, आजीच्या जवळ ठेवावा. सुरुवातीला एक टाळी वाजवली, की तिच्यावरून चित्र आणि आवाज जुळवता येतात. सगळे गप्प असताना खोलीचा अर्धे मिनिट आवाजही टिपावा. तो संवादांमधल्या फटींत भरतात.