बाळ छान आहे, आणि बाळंतीण?
(संस्थेच्या महिला मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानावरून)

मागच्या रांगेत पुरुष मंडळी बसलीत याचा मला विशेष आनंद आहे, कारण आजचा विषय बायकांपेक्षा तुमच्याच जास्त कामाचा आहे. मी मानसोपचाराची डॉक्टर, हे आपल्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. लिफ्टमध्ये मला जे प्रश्न विचारले जातात, त्यातलाच एक आज जरा सविस्तर बोलते: बाळंतीण रडते, तर काळजी करायची की नाही?

पहिलं उत्तर असं, की बऱ्याचदा नाही. निम्म्याहून जास्त बायकांना बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येतं. कारण विचारलं तर सांगता येत नाही. मामाने पेढे आणले म्हणून रडू, बाळाचं नाक आजोबांसारखं आहे म्हणून रडू. पाच मिनिटांनी तीच हसतेसुद्धा. वार पडल्यावर शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात, त्यात जागरण, टाके, दुधाचा ताण. याला डॉक्टर ‘बेबी ब्लूज’ म्हणतात. हा आजार नाही, औषध लागत नाही. कोणीतरी जवळ बसावं, तिला झोपू द्यावं, एवढं पुरतं. दोन आठवड्यांत हे आपोआप ओसरतं.

हे दोन आठवडे लक्षात ठेवायला आपल्याकडे सोपी खूण आहे. बारसं साधारण बाराव्या दिवशी असतं. तोवर रडणं चालेल. पण पाळणा म्हणून झाला, पाहुणे गेले, त्यानंतर आणखी काही दिवस उलटले आणि तरी ती तशीच आहे, किंवा जास्तच गप्प झाली, तर आता ते ब्लूज राहिलं नाही. तिथून पुढे पोस्टपार्टम डिप्रेशनचा, म्हणजे बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा विचार करायचा. आणि हे नेहमी पहिल्या दिवसापासूनच सुरू होतं असंही नाही. पहिला महिना छान गेलेल्या बाईला दीड-दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, ते गाठतं. आपल्याकडे सव्वा महिना माहेरी शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू असं सगळं होतं, आणि नेमकं ती सासरी परत येते तेव्हा हाताखालची माणसं कमी होतात. माहेरचे म्हणतात, आमच्याकडे तर चांगली होती. सासरचे म्हणतात, आल्यापासून अशीच आहे. दोघंही खरं बोलत असतात.

हे किती जणींना होतं? गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना शंभरातल्या 23 जणींमध्ये नैराश्य आढळलं. नवऱ्याची मारहाण, पैशाची ओढाताण, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली, या गोष्टी असतील तिथे धोका जास्त दिसला. म्हणजे हा केवळ संप्रेरकांचा खेळ नाही, घराचाही त्यात वाटा आहे.

आता एक उदाहरण सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत. सत्तावीस वर्षांची मुलगी, पहिलं बाळंतपण, सिझेरियन. तिला माझ्याकडे आणलं सासूबाईंनी, बाळ नऊ आठवड्यांचं असताना. घरात कोणालाच काही खटकलं नव्हतं, कारण बाळाचं सगळं अगदी वेळच्या वेळी होत होतं. तेल, आंघोळ, धुरी, दुपटी घडी करून ठेवलेली. रडारडही नव्हती. सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टर, बाळ झोपतं तेव्हा ही झोपत नाही. पहाटे तीनला उठून बघते तर पाळण्याजवळ बसलेली असते, बाळ गाढ झोपलेलं.”

ही एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोणतीही ओली बाळंतीण दमलेली असते, पण संधी मिळाली की डोकं टेकताच तिला झोप लागते. बाळ झोपलंय, घरात माणूस आहे, आणि तरी तिला झोप लागत नाही, हे दमणं नव्हे. शिवाय या मुलीला आपलं दूध पुरत नाही अशी खात्री होती. बाळाचं वजन तर व्यवस्थित वाढत होतं. कार्ड दाखवलं तरी पटेना. “दुसरी कोणी आई असती तर बाळ सुखात असतं,” असं ती नवऱ्याला म्हणाली होती. त्याला वाटलं, कौतुक करून घ्यायला म्हणतेय.

मी तिला एडिंबरा प्रश्नावली दिली. 1987 सालची, दहा साधे प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे, एकूण गुण तीस. तेरा किंवा जास्त आले तर नीट तपासणी करायची. तिला सतरा आले. प्रश्नावली निदान करत नाही, नुसती घंटा वाजवते. म्हणून पुढे बोलणं झालं, रक्त तपासलं. रक्तक्षय आणि थायरॉइडच्या तक्रारीही अशाच दिसतात, त्या आधी पाहाव्या लागतात. तिचं हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, थायरॉइड ठीक.

उपचारात पहिली गोष्ट घरच्यांनी केली. रात्री दहा ते तीन बाळ नवऱ्याकडे, काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने. पाच तास सलग झोप. आठवड्यातून एकदा समुपदेशन. आणि स्तनपान चालू ठेवून घेता येईल असं औषध. इथे आज्या हमखास घाबरतात. सर्ट्रालीनसारखी औषधं दुधात फार कमी उतरतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येतात. पण त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही काही महिने ती चालू ठेवावी लागतात. हिच्या घरी तिसऱ्या आठवड्यात “काही फरक नाही, बंद करू” असं झालंच. थांबले म्हणून बरं. महिन्याने ती दुपारी झोपायला लागली, मग भूक आली. बाळाशी बोलणं सगळ्यात शेवटी आलं.

आता विचारायचं कसं? “बरी आहेस ना?” याला आपल्याकडे एकच उत्तर असतं, “हो.” त्याऐवजी विचारा, बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? आधी जे आवडायचं त्यात आता मन लागतं का? आणि शंका आली तर सरळ विचारा, मरावंसं वाटतं का? विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट पुष्कळ जणी सुटका झाल्यासारखं बोलतात. उत्तर हो असेल तर तिला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

एका गोष्टीत मात्र दोन आठवडे थांबायचं नाही. बाळंतपणानंतर हजारात एक-दोन बायकांना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, वेगळाच आजार होतो. झोप जवळजवळ नाही, बोलण्याचा ताळमेळ नाही, नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल भलत्याच समजुती होतात. लोक म्हणतात बाहेरचं झालं, दृष्ट लागली. दृष्ट काढायची तर काढा, पण गाडीत बसल्यावर. ही रात्रीच हॉस्पिटलला नेण्याची गोष्ट आहे.

कोणाला आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, नंबर 14416, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तो नंबर मी खाली नोटीस बोर्डावर लावायला सेक्रेटरींना दिलाय. आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.