अर्जाचा पहिला परिच्छेद

तुमचं लक्ष पुढच्या नाचगाण्यांकडे आहे, म्हणून एकाच गोष्टीवर बोलतो. चाकणच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभाग पाहतो. नोकरीच्या अर्जांसोबतची पत्रं माझ्याकडे येतात आणि बहुतेकांची सुरुवात सारखीच असते: मी प्रामाणिक, कष्टाळू, शिकण्याची आवड असलेला. यातून मला काहीच कळत नाही.

समजा, दापोडीतलीच एक मुलगी आहे. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, इथल्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गाड्यांच्या बॉडी बांधणीवर अप्रेंटिस म्हणून काम केलंय, शिवाय कबड्डी आणि टायपिंग. जाहिरात आहे मशीन शॉपमधल्या लाइन इन्स्पेक्टरची. ड्रॉइंग वाचता यावं, बोअर गेज हाताळता यावं, एवढंच मागितलंय. ती साहजिकच एसटीपासून सुरुवात करील, कारण तिच्या बायोडेटात तेच सगळ्यात मोठं. पण या जागेला उपयोगी पडतो तो तिचा कॉलेजातला छोटा प्रकल्प. मग परिच्छेद असा होतो:

‘लाइन इन्स्पेक्टरच्या जागेसाठी अर्ज करत आहे. डिप्लोमाच्या प्रकल्पात आम्ही लेथवर ४० बुश काढले. ड्रॉइंगप्रमाणे बोअर २५.०० ते २५.१० मिलिमीटर हवा होता. प्रत्येक बोअर मी बोअर गेजने मोजून नोंदवला. माप हळूहळू कमी होत गेलेलं नोंदींत दिसलं, टूल झिजलं होतं, ते बदललं. त्यानंतर एसटीच्या दापोडी कार्यशाळेत अप्रेंटिस असताना पाळीत काम केलं आहे.’

कबड्डी गेली, टायपिंग गेलं, एसटी एका वाक्यात आली. उद्या हीच मुलगी बस बॉडीच्या कारखान्यात अर्ज करील तेव्हा एसटी वर जाईल आणि बुश कदाचित पूर्ण गळतील. तिच्याबद्दलची माहिती तीच, फक्त निवड बदलली.

अशी निवड नवी नाही. लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. त्यात आधी येतात पूल, तोफा आणि वेढ्याची यंत्रं. चित्रकला अगदी शेवटी. समोरच्याला लढायांची काळजी होती, हे त्याने ओळखलं होतं. (तरी पत्र लांबच झालं, असं माझं मत.)

एक धोका मात्र आहे. अशा परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्यावर मुलाखतीत प्रश्न येतो. ‘बोअर गेजचा शून्य कशावर लावला होता?’ असं मी पहिलंच विचारतो. ज्याने खरंच मोजलंय तो ‘रिंग गेजवर’ किंवा ‘मायक्रोमीटरवर’ असं लगेच सांगतो. मित्राच्या अर्जातून वाक्य उचललेला खिडकीबाहेर बघतो.

तेव्हा पत्र पाठवण्याआधी पदाचं नाव झाकून पहिला परिच्छेद वाचा. तो दुसऱ्या कुठल्याही नोकरीला चालत असेल, तर जाहिरात पुन्हा समोर घ्या आणि नव्याने लिहा.